आभाराच्या मेलमधलं एक नवं वाक्य

मुलाखत झाल्यावर आभाराचा मेल पाठवायची पद्धत मूळची अमेरिकन. आपल्याकडे ती आयटी आणि परदेशी कंपन्यांबरोबर आली आणि आता एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांपर्यंत पोचली आहे. मेल येतात, पण बहुतेकांचा मजकूर एकाच साच्यातला असतो. ‘वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. आपल्या संस्थेबद्दल जाणून घेऊन आनंद झाला. माझा तीन वर्षांचा अनुभव आणि मेहनती स्वभाव या पदाला योग्य ठरेल असा विश्वास वाटतो. आपल्या उत्तराची वाट पाहतो.’ यात चुकीचं काही नाही. पण ज्याने मुलाखत घेतली त्याला यातलं सगळं आधीच ठाऊक आहे. अनुभव तीन वर्षांचा आहे हे अर्जात होतं, मेहनती असल्याचं उमेदवाराने समोर बसून सांगितलं होतं. मेल उघडायला दोन सेकंद लागतात, बंद करायला एक.

उपयोगी मेल ओळखायची कसोटी साधी आहे. मेलमध्ये निदान एक वाक्य असं हवं, जे मुलाखतीच्या आधी लिहिता आलं नसतं आणि जे मुलाखतीत बोललं गेलं नव्हतं. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. ‘तुमच्या कंपनीने नवीन युनिट सुरू केलं हे वाचून आनंद झाला’ हे वाक्य मुलाखतीत आलं नसेल, पण आदल्या रात्रीही लिहिता आलं असतं. ‘आपण टॅलीबद्दल बोललो ते आवडलं’ हे आधी लिहिता आलं नसतं, पण ते बोलून झालेलं आहे. दोन्ही अटींत बसणारं वाक्य एकाच ठिकाणाहून येतं. समोरच्याने आपली एखादी अडचण सांगितलेली असते, आणि तिच्यावर उमेदवाराने घरी गेल्यावर थोडा विचार केलेला असतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणावरून पाहू.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्रीचा कारखाना आहे असं समजा. तिथे अकाउंट्स विभागात जागा आहे. उमेदवार मुलगी बी.कॉम., सी.ए.च्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेली. मुलाखतीला अकाउंट्स मॅनेजर आणि एच.आर.च्या मॅडम. पाऊण तास ठीकठाक जातो. शेवटी मॅनेजर म्हणतात, “आमची खरी डोकेदुखी टू-बी आहे. महिन्याला सहाशेच्या आसपास खरेदीची बिलं, त्यातली साठ-सत्तर जुळतच नाहीत. चौदा ते वीस तारखेपर्यंत आमचा माणूस फोनला चिकटलेला असतो. तुम्ही काय कराल?”

ज्यांचा जीएसटीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर प्रकार असा. कारखान्याने माल घेताना जो जीएसटी भरलेला असतो, त्याचं क्रेडिट स्वतःच्या देय करातून वजा करता येतं. पण ज्याने माल विकला त्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असलं पाहिजे. विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते. तिचं नाव जीएसटीआर-२बी, बोलीभाषेत टू-बी. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या कारखान्याला २० तारखेपर्यंत आपलं रिटर्न भरून कर चुकता करायचा असतो. मधल्या सहा दिवसांत अकाउंटंट आपलं पर्चेस रजिस्टर आणि टू-बी शेजारी ठेवून एकेक बिल जुळवत बसतो. जे बिल टू-बीत नाही, त्याचं क्रेडिट त्या महिन्यात मिळत नाही. तेवढा कर खिशातून भरावा लागतो.

मुलीने उत्तर दिलं, “जी बिलं दिसत नाहीत त्या पार्ट्यांना फोन करीन, मेल टाकीन, आणि बिल येईपर्यंत क्रेडिट घेणार नाही.” उत्तर बरोबर आहे. पण त्या खुर्चीवर बसलेला जवळजवळ प्रत्येक उमेदवार हेच सांगेल, आणि मॅनेजरांचा सध्याचा माणूसही हेच करतो. म्हणूनच तो फोनला चिकटलेला असतो.

मुलाखतीतून बाहेर पडल्यावर मेलची तयारी लगेच सुरू व्हायला हवी. घरी जाऊन जेवून मग आठवू म्हटलं तर प्रश्न आठवतात, समोरच्याचे नेमके शब्द विसरतात. गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून मोबाइलमध्ये तीन गोष्टी टिपल्या तरी पुरे. त्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, आणि त्यांनी त्यांच्याबद्दल काय सांगितलं. मेल बहुतेक वेळा या तिसऱ्या टिपणातून निघतो. आपल्या मुलीच्या टिपणात तिथे एवढंच आहे: ‘सहाशे बिलं, साठ-सत्तर जुळत नाहीत, चौदा ते वीस फोन.’

संध्याकाळी ती हे टिपण घेऊन बसते आणि तारखा मांडते. महिन्याचं रिटर्न भरणारी पार्टी आपली विक्रीची बिलं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत दाखवते. ज्यांची वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत आहे अशा लहान पार्ट्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे. फाउंड्रीला पॅटर्न बनवून देणारे, मशीनिंगचं जॉबवर्क करणारे यांच्यातले बरेचजण या गटात बसू शकतात. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं त्यांना पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात, पण ते ऐच्छिक आहे. त्यांनी चढवली नाहीत तर एप्रिलचं बिल थेट जुलैच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या यादीत दिसतं.

आता या तारखांशेजारी मॅनेजरांचं वाक्य ठेवा. फोन होतात १४ ते २० या काळात. पण मोठ्या पार्टीची मुदत ११ तारखेला आणि लहान पार्टीची १३ तारखेला संपून गेलेली आहे. १६ तारखेला फोन केल्यावर पार्टीने लगेच बिल चढवलं तरी ते पुढच्या यादीत येणार. म्हणजे ज्या महिन्यासाठी हा आटापिटा चालला आहे, त्या महिन्याच्या क्रेडिटला या फोनांचा उपयोग नाही. फोन करायचे ते १० तारखेच्या आत.

हे वाक्य दोन्ही अटींत बसतं. आदल्या रात्री ते लिहिता आलं नसतं, कारण फोन कोणत्या तारखांना होतात हे तिला मुलाखतीतच कळलं. आणि मुलाखतीत ते कुणी बोललं नव्हतं.

आता मेल. पहिला मसुदा साधारण असा उतरतो: ‘सर, तुमच्या कंपनीत टू-बीची पद्धत चुकीची आहे. योग्य नियोजन केल्यास साठ टक्के बिलांचा प्रश्न सुटेल. यासाठी मी सोबत सात पानांचा आराखडा जोडत आहे.’ या तीन वाक्यांत तीन चुका आहेत आणि तिन्ही नेहमीच्या आहेत. मॅनेजरांनी आपली अडचण विश्वासाने सांगितली, तिला ‘चुकीची पद्धत’ म्हटलं तर ते पद्धतीचे मालक आहेत हे विसरल्यासारखं होतं. साठ टक्के हा आकडा कुठून आला? तिने त्यांचं रजिस्टर पाहिलेलं नाही. साठ-सत्तर बिलांत तिमाहीवाल्या पार्ट्यांची किती, बिल नंबर चुकीचा टाकल्यामुळे न जुळणारी किती, हे तिला ठाऊक असणं शक्य नाही. अनुभवी माणूस असा आकडा वाचतो आणि बाकीच्या मेलवरचा त्याचा विश्वास उडतो. सात पानं तर कुणी उघडतच नाही. शिवाय अनोळखी पत्त्यावरून आलेली जोडफाइल पुष्कळ कंपन्यांच्या मेलमध्ये अडवली जाते किंवा संशयाने पाहिली जाते.

दोन मसुद्यांनंतर पाठवण्याजोगा मेल असा दिसतो. असे मेल सहसा इंग्रजीत लिहिले जातात, इथे मजकूर मराठीत देतो आहे.

विषय: अकाउंट्स पदाची मंगळवारची मुलाखत, टू-बीच्या बिलांबाबत

नमस्कार सर,

काल वेळ दिलात आणि टू-बीची अडचण मोकळेपणाने सांगितलीत, त्याबद्दल आभार.

न दिसणाऱ्या बिलांसाठी पार्ट्यांना फोन करीन असं मी म्हटलं होतं. घरी आल्यावर तारखा पुन्हा मांडून पाहिल्या. मासिक पार्टीची मुदत ११ तारखेला संपते आणि तिमाही पार्टीची १३ तारखेला. त्यानंतर चढवलेलं बिल पुढच्या टू-बीत येतं, त्यामुळे १४ नंतरच्या फोनचा त्या महिन्याच्या क्रेडिटला फायदा होत नाही. हे काम माझ्याकडे आलं, तर मागच्या तीन महिन्यांत दोनदा बिलं राहिलेल्या पार्ट्यांची यादी काढून त्यांना ७ ते १० तारखेच्या दरम्यान फोन करीन. १४ नंतरचे दिवस बिल नंबर किंवा जीएसटी नंबरातल्या चुका शोधायला ठेवीन.

आपल्याकडे हे आधीपासून होत असेल, तर न जुळणाऱ्या बिलांत तिमाही पार्ट्या साधारण किती असतात हे जाणून घ्यायला आवडेल.

आपली,

खाली नाव आणि मोबाइल नंबर. संपलं.

हा मेल जरा जवळून पाहू. विषयाच्या ओळीत ‘आभार’ हा शब्द नाही, तर पद, दिवस आणि मुद्दा आहे. मॅनेजरांनी त्या आठवड्यात आठजणांच्या मुलाखती घेतल्या असतील तरी मेल कुणाचा आणि कशाबद्दल हे उघडण्याआधी कळतं. आभार एका वाक्यात उरकले आहेत, आणि त्या वाक्यातही कशाबद्दल आभार ते ठरलेलं आहे. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात तिच्याच मुलाखतीतल्या उत्तराने होते. ती म्हणते, मी असं म्हटलं होतं, आता मला पुढचं दिसलं. अडचण मॅनेजरांची, पण अपुरं उत्तर तिचं. त्यामुळे सुधारणा सुचवूनही ती कुणाला शिकवत नाही.

‘तीन महिन्यांत दोनदा’ हा तपशीलही मुद्दाम आहे. सहाशे बिलं म्हणजे दीड-दोनशे पार्ट्या असू शकतात, सगळ्यांना १० तारखेच्या आत फोन करणं कुणालाच जमणार नाही. कुणाला करायचा हे ठरवायची रीत सांगितली म्हणून सूचना करण्याजोगी वाटते. ती नसती तर ‘वेळेवर पाठपुरावा करावा’ यापलीकडे या वाक्यात काही उरलं नसतं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मॅनेजर वीस वर्षं हेच काम करत असतील, तर तारखांचा मुद्दा त्यांना ठाऊक असण्याची शक्यता भरपूर. ‘आधीपासून होत असेल तर’ हे वाक्य ती शक्यता मान्य करतं, आणि पुढचा प्रश्न दाखवतो की होत असलं तरी तिचा विचार तिथे थांबत नाही. माहीत असलेल्या माणसाला नवी माहिती देणं हा या मेलचा उद्देश नाहीच. समोरची माणसं रोजच्या कामात तुमचं डोकं कसं चालतं हे पाहू इच्छितात. पाऊण तासाच्या मुलाखतीत ते थोडंसंच दिसतं, मेलमध्ये त्याचा आणखी एक तुकडा दिसतो.

मेलची लांबी शंभर-सव्वाशे शब्द. मोबाइलवर एकदा बोट सरकवलं की संपावा, एवढं माप पुरे. त्यात पगाराचा विषय नाही, निकाल कधी लागेल ही विचारणा नाही, ‘मी या पदाला योग्य आहे’ हेही नाही. निकालाची चौकशी करायची तर ती वेगळी, एच.आर.ना, त्यांनी सांगितलेली तारीख उलटल्यावर. आभाराच्या मेलमध्ये ती घातली की वाचणाऱ्याला वरचा सगळा मजकूर त्या एका मागणीची प्रस्तावना वाटू लागतो.

हे अकाउंट्सपुरतं नाही. शाळेच्या मुलाखतीत मुख्याध्यापिका म्हणाल्या की सहावीतली मुलं ऋण संख्यांच्या वजाबाकीत अडतात, तर मेलमध्ये एक ओळ पुरते: वर्गाच्या फरशीवर खडूने संख्यारेषा काढून मुलांनाच तिच्यावर चालवीन, बेरजेला उजवीकडे तोंड आणि वजाबाकीला डावीकडे, आणि ऋण संख्या आली की उलट्या पावलांनी चालायचं. उणे तीनमधून उणे पाच वजा करताना मूल उणे तीनवर उभं राहतं, डावीकडे तोंड करतं, पाच पावलं मागे येतं आणि दोनवर पोचतं. त्यांनी अडचण सांगितली, तुम्ही एक तास कसा घ्याल ते दाखवलंत. ‘मी मुलांना गणिताची गोडी लावीन’ या वाक्यापेक्षा मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांसमोर यातून जास्त काही उभं राहतं.

नवं काही देण्याची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे चुकलेलं उत्तर सुधारणं. आपल्याच उदाहरणात मॅनेजरांनी विचारलं असतं, “पार्टीचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर?” आणि तिने सांगितलं असतं, “क्रेडिट उलटवावं लागतं.” इथवर ठीक. पण “ते परत घेता येतं का?” यावर घाबरून “नाही” म्हटलं असतं, तर ते चूक. पैसे दिल्यावर ते क्रेडिट पुन्हा घेता येतं. अशा वेळी मेलमधला मुद्दा हाच: ‘१८० दिवसांच्या प्रश्नाचं माझं दुसरं उत्तर चुकलं. पैसे चुकते केल्यावर उलटवलेलं क्रेडिट परत घेता येतं. नियम पुन्हा तपासून लिहिते आहे.’ त्या दिवशी दडपण होतं, आदल्या रात्री झोप झाली नव्हती, असली कारणं नकोत. अकाउंट्सच्या कामात आपली चूक आपणच पकडणारा माणूस हवाच असतो. मात्र अशी दुरुस्ती एकाच मुद्द्याची करावी. चार उत्तरं चुकली असतील तर चारही दुरुस्त करणारा मेल त्या चार चुकांची आठवण करून देतो.

मुलाखतीत ‘हे नंतर पाठवते’ असं काही कबूल केलं असेल, तर ते सगळ्यात आधी. मागितलेली गोष्ट न पाठवता दुसरंच काही सुंदर लिहून पाठवलं, तर वाचणारा मागितलेलं कुठे आहे तेवढंच पाहतो. या तीन वाटांपैकी एकीच वाट एका मेलमध्ये घ्यावी. अडचणीवर विचार, चुकीची दुरुस्ती आणि मागितलेली माहिती असं सगळं एकत्र आलं की मेल पुन्हा पानभर होतो.

एक चूक मात्र अंगाशी येऊ शकते. आपण किती पद्धतशीर काम करतो हे दाखवायला काहीजण आधीच्या नोकरीतली एक्सेल फाइल जोडतात. त्यात ग्राहकांची नावं, त्यांचे जीएसटी नंबर, खरेदीच्या रकमा तशाच असतात. सी.ए.च्या ऑफिसातली अशी फाइल बाहेर गेली तर तो विश्वासाचा भंग आहे, आणि वाचणारा लगेच हिशेब करतो की उद्या आमची फाइलही अशीच कुणाच्या मेलला जोडली जाईल. नमुना दाखवायचाच तर कोरा, स्वतः आखलेला, खोट्या नावांचा. खरं म्हणजे चार ओळींत सांगता आलं तर नमुन्याचीही गरज पडत नाही.

मेल पाठवायचा कुणाला आणि कधी? मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं, त्यालाच उत्तर म्हणून पाठवणं सगळ्यात सोपं. त्यात एच.आर. आणि बऱ्याचदा मुलाखत घेणारेही असतात. फक्त एच.आर.चा पत्ता असेल, तर त्यांनाच पाठवून ‘हे सरांपर्यंत पोचवाल का’ अशी एक ओळ वर घालावी. पत्ता नसलेल्या मॅनेजरांचा मोबाइल नंबर कुठून तरी मिळवून त्यांना व्हॉट्सअॅपवर मजकूर टाकणं बरं दिसत नाही. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले असतील आणि दोघांचे पत्ते असतील, तर दोन वेगळे मेल लिहावेत. तोच मजकूर नाव बदलून पाठवला आणि दोघांनी तो एकमेकांना दाखवला, तर सगळं पाणी फिरतं. वेळ म्हणाल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन दिवसांनी पाठवलेला मेल चांगला असला तरी तोवर निवड होऊन गेलेली असू शकते.

याच्या मर्यादाही पुष्कळ आहेत. बऱ्याच ठिकाणी मुलाखत घेणारे उमेदवार दाराबाहेर पडताच कागदावर गुण भरतात आणि तो कागद एच.आर.कडे जातो. मेल त्यानंतर पोचतो. पडलेली मुलाखत तो उचलून धरत नाही, आणि चांगली झालेली मुलाखत मेल न पाठवल्यामुळे सहसा बिघडत नाही. दोन उमेदवार जवळजवळ सारखे असतील आणि निर्णय अजून व्हायचा असेल, तर मात्र असा मेल बोलण्यात येतो. मेलला उत्तर आलं नाही म्हणजे तो वाया गेला असंही नाही. अनेक कंपन्यांत निर्णय होईपर्यंत उमेदवारांशी न बोलण्याचा शिरस्ता असतो. मेल वाचला गेला याची खूण वेगळी असते. उत्तर येताना त्यात मुद्द्यावरचा प्रश्न येतो, किंवा दुसऱ्या फेरीत बोलणं तिथूनच सुरू होतं.

आणि काही ठिकाणी असा मेल मुळीच पाठवायचा नसतो. एमपीएससी, यूपीएससी, सरकारी बँका आणि इतर सरकारी भरतीत मुलाखतीच्या मंडळाशी खासगी संपर्क साधणं म्हणजे वशिला लावण्याचा प्रयत्न ठरू शकतो. सरकारी जाहिरातींत अशा प्रयत्नाने उमेदवारी रद्द होईल अशी अट नेहमी दिलेली असते. तिथे कितीही चांगला मुद्दा सुचला तरी तो आपल्याजवळ ठेवावा. कॅम्पस भरतीतही, जिथे एका दिवसात शेकडो मुलांच्या मुलाखती होऊन संध्याकाळी यादी लागते, तिथे मेलला जागाच उरत नाही.

समजा नवं काही सुचलंच नाही, मग? समोरच्याने आपली कुठलीच अडचण सांगितली नाही, प्रश्न पुस्तकी होते, उत्तरं बरोबर गेली. अशा वेळी ओढूनताणून सूचना काढण्यापेक्षा दोन ओळींचा साधा आभाराचा मेल बरा. पण असं वारंवार होत असेल तर उणीव मेलमध्ये नाही, मुलाखतीत आहे. शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं विचारलं जातं, तेव्हा बहुतेकजण ‘नाही’ म्हणतात किंवा शनिवारची सुट्टी विचारतात. त्याऐवजी “या जागेवर येणाऱ्या माणसाने पहिल्या दोन महिन्यांत कोणतं काम मार्गी लावावं असं तुम्हाला वाटतं?” असं विचारलं, तर बऱ्याचदा टू-बीसारखं काहीतरी हाती लागतं. मेलचा कच्चा माल तिथेच मिळतो.

एकदा मेल गेला की त्यातला प्रत्येक शब्द पुढच्या फेरीत विचारला जाऊ शकतो. आपल्या मुलीने ७ ते १० तारखेच्या दरम्यान फोन करीन असं लिहिलं आहे. दुसऱ्या फेरीत मॅनेजर विचारतील, “आमचे दोन मोठे सप्लायर फोनच उचलत नाहीत, आणि माल त्यांच्याशिवाय दुसरीकडे मिळत नाही. त्यांचं काय कराल?” तिथे तिला सांगता आलं पाहिजे की अशा पार्टीचं पेमेंट काढताना कराची रक्कम बिल टू-बीत दिसेपर्यंत मागे ठेवता येईल का हे आधी खरेदी विभागाशी बोलावं लागेल, कारण माल थांबला तर नुकसान क्रेडिटपेक्षा मोठं होईल. म्हणून मेल पाठवण्याआधी स्वतःला विचारावं, यावर पुढचे दोन प्रश्न आले तर उत्तर आहे का? नसेल, तर ते वाक्य काढून त्याच्याआधीचं, जे पेलतं तेच ठेवावं.